चौकोनाचं उत्तर तोंडी येत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

माझा लेख एका मोजणीबद्दल होता: बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या बाजू, म्हणजेच ग्राफ, k रंगांनी किती प्रकारे रंगवता येतो, जर बाजूने जोडलेल्या कुठल्याच दोन बिंदूंना एकच रंग द्यायचा नसेल. त्यासाठी एक बाजू काढून, मग तिची दोन टोकं चिकटवून, अशा दोन छोट्या ग्राफांवर काम नेण्याची रीत दिली होती. त्यावर ही प्रतिक्रिया आली:

«लेख वाचला. चार बिंदूंच्या चौकोनासाठी बाजू काढा, बिंदू चिकटवा, हा सगळा उपद्व्याप कशाला? पहिल्या बिंदूला k रंग, पुढच्या दोघांना k−1, शेवटच्याला दोन शेजारी म्हणून k−2. झालं! मोठ्या ग्राफला तर ही रीत चालतच नाही. इतिहासाचा परिच्छेदही उगाच. शिकवणाऱ्यांनी आधी स्वतः नीट विचार करावा.»

तुमचं शेवटचं वाक्य मला लागलं. मतभेद असू द्या, त्यासाठीच खाली जागा ठेवली आहे. पण मी ग्राफ थिअरी शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली आहेत, आणि हा चौकोन किती वेळा फळ्यावर काढला असेल ते मलाच ठाऊक. तेव्हा विचार न करता लिहिलं, असं कुणी सहज ठोकून दिलं की राग येतो. हे बोलायला दुसरे शब्द होते.

मोठ्या ग्राफबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. प्रत्येक पायरीला एका ग्राफचे दोन होतात, काम भराभर फुगतं. म्हणूनच मी छोट्या ग्राफबद्दल लिहिलं. इतिहास नको असेल तर तो परिच्छेद ओलांडून पुढे जा.

आता तुमच्या त्या «झालं!»कडे येते. हाच गुणाकार मी उत्तरपत्रिकांमध्ये वर्षानुवर्षं पाहत आले आहे, तोही तुमच्याइतक्याच ठामपणे लिहिलेला. तुमच्या हिशेबाने बहुपदी येते k(k−1)(k−1)(k−2). तीत दोन रंग घालून पाहा: उत्तर शून्य. म्हणजे चौकोन दोन रंगांत रंगवताच येत नाही! पण लाल, निळा, लाल, निळा असे आळीपाळीने रंग दिले की तो रंगतो, आणि सुरुवात कोणत्या रंगाने केली त्यावरून असे दोन प्रकार होतात.

चूक शेवटच्या बिंदूवर आहे. बिंदूंना क्रमाने अ, ब, क, ड म्हणू. ड चे शेजारी अ आणि क. या दोघांमध्ये बाजू नाही, त्यामुळे त्यांचा रंग एकच असू शकतो. तो एकच असेल तर ड ला एकच रंग वर्ज्य, म्हणजे k−1 पर्याय. वेगळा असेल तरच k−2. तुम्ही दोन्ही प्रसंगांना k−2 लावलंत. तीन रंगांत तुमचं उत्तर १२ येतं, खरं उत्तर १८. निसटलेले सहाच्या सहा प्रकार अ आणि क एकाच रंगाचे असलेल्या प्रसंगातले आहेत.

लेखातली रीत ही अडचण कशी टाळते ते बघा. चौकोनाची एक बाजू काढली की चार बिंदूंची माळ उरते. तिथे तुमचा गुणाकार चालतो, कारण प्रत्येक नव्या बिंदूला आधी रंगवलेला एकच शेजारी असतो: k(k−1)³. पण काढलेल्या बाजूची दोन टोकं या माळेत एकाच रंगाची झालेली चालतात, चौकोनात नाही. तेवढे प्रकार वजा करायचे. ते मोजायला ती दोन टोकं एकाच बिंदूत मिसळायची, मग उरतो त्रिकोण: k(k−1)(k−2). वजाबाकी केली की k(k−1)(k²−3k+3). दोन रंगांना २, तीन रंगांना १८. कंस सोडवले तर k⁴−4k³+6k²−3k. यात k³ ला गुणणारा 4 म्हणजे बाजूंची संख्या. तो जुळला नाही तर वजाबाकी पुन्हा तपासावी.

आणि खरं तर तुम्हाला जे करायला हवं होतं, ते याच रीतीचं उलटं रूप आहे. अ आणि क वेगळ्या रंगाचे हवेत म्हणजे त्यांच्यामध्ये कर्ण जोडायचा. मग अ ला k, क ला k−1, ब आणि ड ला प्रत्येकी k−2, म्हणजे k(k−1)(k−2)². एकाच रंगाचे हवेत म्हणजे त्यांना मिसळून टाकायचं. तेव्हा ब कडे जाणाऱ्या दोन बाजू एकमेकींवर पडतात, ड कडच्याही तशाच. दुहेरी बाजू एकच धरायची, कारण अट तीच राहते. उरते तीन बिंदूंची माळ, k(k−1)². तीन रंगांत ६ आणि १२, बेरीज पुन्हा १८. ज्याला तुम्ही उपद्व्याप म्हणालात, तो केल्याशिवाय चौकोनाचं बरोबर उत्तर तुम्हालाही मिळालं नाही.

अजून पटत नसेल तर पंचकोन घ्या. तुमच्या पद्धतीने तीन रंगांत २४ येतील. बाजू काढली तर पाच बिंदूंच्या माळेचे ४८, टोकं मिसळली तर चौकोनाचे १८, म्हणून ३०. कागदावर एकेक प्रकार मांडून मोजा, आणि मग लिहा.