शॉवरचा आर्म भिंतीत मोडला, त्याबद्दल

"तुमचा शॉवर बदलण्यावरचा लेख वाचून घरीच उद्योग केला. 'अर्ध्या तासाचं काम' म्हणे! जुना आर्म फिरवताना कट्‌कन मोडला, आटे भिंतीतच राहिले. प्लंबरने टाइल फोडून नवा एल्बो बसवला, २,८०० रुपये घेतले. भावाने अमेरिकेहून पाठवलेला शॉवर लावला तर पाणी येतंय की घाम, कळत नाही. बंद केल्यावरही ठिबकत राहतो. १९८६ची बिल्डिंग आहे आमची, वरचा मजला, टाकी डोक्यावरच. असं अर्धवट कशाला लिहिता?"

ताई, आर्म मोडला ती चूक माझी. मी लिहिलं ते माझ्या घरापुरतं खरं होतं. आमच्याकडे भिंतीत सीपीव्हीसीची म्हणजे प्लास्टिकची लाइन आहे, तिच्या एल्बोत पितळी आटे आहेत आणि आर्मही पितळी. तिथे गंजायला काही नाही, म्हणून आर्म हाताने सुटला. तुमच्या काळच्या इमारतींत बहुधा जीआय म्हणजे लोखंडी पाईप असतो. लोखंडी एल्बोत पितळी आर्म वर्षानुवर्षं ओला राहिला की जोडावरचं लोखंड गंजतं, गंज फुगतो आणि आटे एकमेकांत जाम होतात. शिवाय पाण्याने पितळेतलं जस्त निघून गेलं की आर्मची भिंत आतून पोकळ, ठिसूळ होते. मोडलेला तुकडा टाकला नसेल तर त्याची कड बघा. पिवळ्याऐवजी तांबूस, भुसभुशीत दिसली तर तो आर्म कुणाच्याही हातात मोडलाच असता.

आधी ओळखायचं कसं, हे मी लिहायला हवं होतं. फ्लँज, म्हणजे भिंतीला टेकलेली ती गोल झाकणी, मागे सरकवून टॉर्च मारायचा. एल्बोच्या तोंडावर तांबेरा दिसला तर त्या दिवशी पान्याला हात लावायचा नाही. गंज सोडवणारं स्प्रे-तेल जोडावर मारून रात्रभर ठेवायचं. सकाळी आर्म आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने हलवायचा, मगच उलटा. झटका द्यायचा नाही. भिंतीतला एल्बो दुसऱ्या पान्याने धरता येत नाही, त्यामुळे जास्तीचा सगळा जोर मागच्या पाईपवर जातो. तरीही हलला नाही तर आर्म तसाच ठेवून फक्त पुढचा शॉवर बदलावा. जुना आर्म गळत नसेल तर त्याला डिवचण्यात काहीच शहाणपण नाही, आणि "दोन्ही एकदमच बदला" हे माझं वाक्य मी मागे घेतो.

टाइल मात्र फोडायची गरज होती का, याबद्दल मला शंका आहे. आत राहिलेल्या तुकड्याला हॅकसॉच्या सुट्या पात्याने आतून दोन उभ्या खाचा पाडतात, एल्बोचे आटे दिसायला लागायच्या आत थांबतात, मग छिन्नीने तुकडा आत वळवून काढतात. वेळखाऊ काम आहे, पण टाइल वाचते. एल्बोचेच आटे खाल्लेले असतील तर मात्र फोडण्यावाचून इलाज नसतो. ते समोर पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून तुमच्या प्लंबरला दोष देत नाही.

आता नवा एल्बो बसलाच आहे तर एक गोष्ट तपासा. आर्म काढून पेन्सिल आत घाला आणि एल्बोचं तोंड टाइलच्या पृष्ठभागापासून किती आत आहे ते मोजा. आर्मच्या आट्यांची लांबी साधारण १५ मिलिमीटर असते. तोंड १० मिलिमीटर आत असेल तर जेमतेम दोन-तीन आटे पकडतात. दिसायला घट्ट, पण आत गळतं. हा जोड कॉकच्या पुढे असल्यामुळे गळती फक्त अंघोळ चालू असताना होते. मागच्या खोलीत ओल दिसायला महिने जातात. अशा वेळी मध्ये एक्स्टेंशन निपल लावायचा, तो अर्ध्या इंचापासून दोन इंचांपर्यंत मिळतो. दुकानात "अर्धा इंची" असंच म्हणा. पट्टी लावली तर त्या आट्यांचा बाहेरचा व्यास जवळपास २१ मिलिमीटर भरतो, आणि तेवढ्यावरून लोक पाऊण इंची घेऊन येतात. खात्री करायची तर आर्मच्या टोकाला शॉवरऐवजी एंड कॅप लावून थंड पाण्याचा कॉक पंधरा मिनिटं उघडा ठेवा. मिक्सर असेल तर गरम बाजू बंद. मग फ्लँज सरकवून बोट फिरवा.

पाणी कमी येतं त्यात माझी चूक नाही, एल्बोचीही नाही. दोष आहे त्या अमेरिकन शॉवरमध्ये, म्हणजे तो तुमच्या टाकीसाठी बनलेलाच नाही. तिथे कायद्याने शॉवरमधून मिनिटाला अडीच गॅलन, म्हणजे साडेनऊ लिटरच्या वर पाणी येऊ द्यायचं नसतं, आणि हे मोजमाप ८० पीएसआय दाबावर केलेलं असतं. ८० पीएसआय म्हणजे ५६ मीटर उंचीवरच्या टाकीचा दाब! तुमची टाकी गच्चीवर. पाण्याची पातळी शॉवरपासून फार तर तीन मीटर वर धरा. पाण्याचा ओघ दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे शॉवरच्या आत ओघ रोखणारी साध्या भोकाची चकती असेल तर साडेनऊचे सव्वादोन लिटर होतात. पंधरा लिटरची बादली भरायला साडेसहा-सात मिनिटं. घाम हा शब्द तुम्ही बरोबर वापरलात.

उपाय स्वस्त आहे. शॉवर काढून मागचं तोंड बघा. रबरी वॉशर, त्याखाली जाळी आणि त्याखाली बहुधा रंगीत प्लास्टिकची छोटी चकती असेल. चिमट्याने ती चकती काढा, जाळी आणि वॉशर परत बसवा. आट्यांची काळजी नको. अमेरिकन अर्ध्या इंची आट्यांचा कोन वेगळा असला तरी इंचाला १४ आटे तिथेही आणि इथेही, आणि शॉवरच्या तोंडाशी पाणी अडवतो तो वॉशर. भिंतीतल्या जोडाला मात्र हे चालत नाही. तिथे वॉशर नसतो, आटेच पाणी अडवतात, म्हणून आर्म इथलाच हवा आणि त्यावर टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने दहा-बारा वेढे.

चकती काढूनही समाधान झालं नाही तर शॉवर काढलेल्या नुसत्या आर्मखाली बादली लावा आणि घड्याळ बघा. पंधरा लिटरला अडीच मिनिटांहून जास्त लागत असतील तर कुठलाही शॉवर तिथे पाऊस पाडणार नाही. मग आठ इंची थाळ्याचा मोह सोडून तीन इंची, कमी भोकांचा साधा शॉवर घ्यावा, असं माझं मत.

राहिलं ठिबकणं. कॉक बंद करून घड्याळ लावा. दहा मिनिटांत थांबलं तर ते शॉवरच्या पोटात उरलेलं पाणी आहे, मोठ्या शॉवरमध्ये ते जास्तच उरतं. रात्रभर खाली ठेवलेल्या भांड्यात पाणी साठलं तर कॉकचा वॉशर किंवा स्पिंडल गेला आहे, आणि शॉवर कितीही बदलले तरी ते थांबणार नाही. भांडं ठेवून बघा आणि सकाळी काय दिसलं ते इथेच लिहा. कॉक कुठल्या प्रकारचा आहे तेही लिहा, म्हणजे वॉशर घ्यायचा की अख्खा स्पिंडल ते सांगता येईल. मूळ लेखात जीआय पाईपची सूचना आज वरच टाकली आहे.