डोळ्यांत ऊन येतंय का?

नकाशाचा स्क्रीनशॉट पाठवणारी माणसं स्वभावाने वाईट नसतात. खरं तर लोकेशन पाठवायलाही तेवढीच बोटं हलवावी लागतात. पण लोकेशन दाबलं की ॲप उघडतं, आणि स्क्रीनशॉट दाबला की फक्त चित्र मोठं होतं. त्यात ना पत्ता असतो, ना अक्षांश-रेखांश. असतात नुसते रंगाचे ठिपके. ते ठिपके जोवर समोर आहेत तोवर ठीक. ते गेले की उरतो तो पाहणारा.

आमच्या घरच्या ग्रुपवर सात दिवसांनी मेसेज आपोआप नाहीसे होतात. ही सोय ताईने चालू केली, कारण सुप्रभातांच्या ओझ्याखाली तिचा फोन वाकला होता. शिवाय फोटो गॅलरीत उतरणं सगळ्यांनीच बंद ठेवलेलं. अशा ग्रुपवर चुलतभावाने आपल्या नव्या घराचा रस्ता दाखवणारा स्क्रीनशॉट आठवडाभर आधी टाकला आणि वर लिहिलं, ‘सोप्पं आहे.’ ज्या संध्याकाळी ताई आणि दाजी गाडी घेऊन निघाले, तोवर सोप्पं असलेलं ते सगळं नाहीसं झालं होतं. चुलतभावाचा फोन बंद. नव्या घराला नकाशावर नाव नाही. तो स्क्रीनशॉट डोळे उघडे ठेवून पाहिलेला माणूस एकच निघाला, मी. गाडी चालवत होते दाजी, फोन स्पीकरवर धरून मागे बसली होती ताई, आणि मी माझ्या घरी खुर्चीत.

‘अरे, आठव. पहिल्यांदा कुठे वळायचं?’ दाजी म्हणाले.

मी डोळे मिटले. निळी रेघ दिसली. वरून खाली येणारी, मग एका गोलाला वळसा घालून डावीकडे जाणारी, मग पुन्हा खाली, आणि टोकाला लाल पिन. शेजारी एक राखाडी रेघही होती. म्हणजे तो दुसरा पर्याय, ॲपला न आवडलेला. साक्षीदाराची पहिली गोची इथेच होते, कारण आठवणीत दोन्ही रेघा सारख्याच जाड असतात.

‘गोल चौक लागेल,’ मी सांगितलं, ‘तिथून डावीकडे.’

‘डावीकडे म्हणजे कुणाच्या?’ ताईने विचारलं.

अशा वेळी ताईचा राग येतो, कारण ती बरोबर असते. चित्रात रेघ डावीकडे जात होती हे खरं. पण चित्रात वर उत्तर असेल, तर वरून खाली येणारी गाडी दक्षिणेला चाललेली असते, आणि तिच्यात बसलेल्या माणसाचा उजवा हात पश्चिमेला, म्हणजे चित्राच्या डाव्या कडेला असतो. आपण नकाशावरून बोट वर नेत असू तर डावं-उजवं जुळतं. बोट खाली येऊ लागलं की सगळं उलटं होतं. वरून खाली येणारा रस्ता डोळे मिटून सांगणाऱ्या माणसावर कुणीही विश्वास ठेवू नये.

मग प्रश्न उरला, चित्रात वर उत्तर होती का? अक्षरं सरळ होती हा पुरावा चालत नाही, कारण नकाशा फिरवला तरी ॲप अक्षरं सरळच ठेवतं. पण नकाशा फिरवलेला असला की बऱ्याच ॲपमध्ये कोपऱ्यात होकायंत्राचं छोटं चिन्ह उगवतं. मी आठवणीतल्या कोपऱ्याकडे निरखून पाहिलं. तिथे चुलतभावाच्या बॅटरीचे अकरा टक्के होते, होकायंत्र नव्हतं. म्हणजे उत्तर वर.

‘दाजी, सूर्य कुठल्या हाताला आहे?’

‘सूर्याचं काय मध्येच?’

‘सांगा तर.’

‘उजव्या.’

संध्याकाळी सूर्य उजव्या हाताला, म्हणजे तोंड दक्षिणेला. म्हणजे चित्राचं डावं ते त्यांचं उजवं. ‘चौकात सूर्याच्या बाजूला वळायचं,’ मी जाहीर केलं. ‘गोल चौकात आपण डाव्या हाताने शिरतो, तेव्हा बाहेर पडायचे रस्ते मोजा. पहिला सोडा, दुसरा सोडा, तिसरा धरा.’

आता तो चौक किती लांब, हे त्यांना हवं होतं. चित्राला मोजपट्टी होती की नाही ते मला आठवेना. पण खाली ‘६ किमी, १८ मिनिटं’ असं ठळक लिहिलेलं होतं. ते लक्षात राहिलं, कारण ताईने ग्रुपवर ‘फक्त अठरा मिनिटं!’ म्हणून टाळ्या पाठवल्या होत्या. आणि रेघ पडद्यावर साधारण सहा बोटं रुंदीची भरत होती. एका चित्रात झूम एकच असतो, तेव्हा एक बोट म्हणजे एक किलोमीटर. चौक वरून दोन बोटांवर होता. हा हिशोब कागदावर हास्यास्पद दिसतो, पण दाजींनी गाडीचं ट्रिपमीटर शून्यावर आणलं आणि चौक दोन किलोमीटरच्या जरासा पुढे लागला. माझी बोटं इतकी प्रमाणबद्ध आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं.

अठरा मिनिटं मात्र मी लगेच मागे घेतली. ती ज्या वेळी चित्र काढलं त्या वेळची होती. रेघेवर एक लाल तुकडाही होता आणि दाजी मोठ्या आशेने विचारत होते, ‘तो लाल भाग कधी लागेल?’ लाल भाग हा गेल्या आठवड्यातल्या कुठल्यातरी दुपारचा ट्रॅफिक होता. तो कधीच सुटून आपापल्या घरी गेला होता.

‘डोळ्यांत ऊन येतंय का?’ वळणानंतर मी विचारलं.

‘येतंय! काही दिसत नाहीये!’ दाजी ओरडले.

‘मग रस्ता बरोबर आहे.’

यापुढे खुणांचा भाग. मी सांगितलं, ‘पेट्रोल पंप लागेल, तो गेला की थोड्या वेळाने डावीकडे खाली.’ पलीकडून उत्तर आलं, ‘कुठला? दोन गेले, तिसरा समोर आहे.’ चित्रात एकच होता. नकाशा झूमप्रमाणे नावं गाळतो. जागा कमी असली की दोन पंप गुपचूप वगळतो आणि उरलेला आपण एकमेव समजतो. पंपावर वळण ठेवणं म्हणजे लग्नात ‘शेरवानीवाल्याला विचारा’ म्हणून सांगण्यासारखं. मी पंप रद्द केला आणि ट्रिपमीटरवर परत आलो. दोन आणि तीन, पाच. पाचाच्या आसपास डावं वळण.

तेवढ्यात ताई म्हणाली, ‘पुढे उड्डाणपूल आहे. वरून जायचं की खालून?’

इथे मी पुरता हरलो, पण यात आठवणीचा दोष नव्हता. स्क्रीनशॉट जिवंत असता तरी त्याने हे सांगितलं नसतं. निळी रेघ पुलावरून जाते की पुलाच्या कडेच्या रस्त्याने, हे वरून पाहिल्यावर कळत नाही. दोन्ही रस्ते एकावर एक किंवा एकमेकांना खेटून, आणि त्यांच्यावर ती जाड निळी रेघ, खालची नावं झाकून. चालू ॲप ‘डावीकडे राहा’ असं बोलतं तरी. चित्र मुकं असतं. मी म्हणालो, ‘मला नाही माहीत.’ दाजींनी याचा अर्थ ‘वरून’ असा घेतला. चालकांना वर जायला आवडतं.

पुलावर त्यांनी वाऱ्याची तारीफ केली. उतरल्यावर ताई म्हणाली, ‘पाच पूर्णांक आठ झाले रे. डावं वळण काही आलं नाही.’

वळण पुलाखालीच होतं, हे आता सगळ्यांनाच कळलं. दाजींनी गाडी वळवून परत आणली, खालच्या रस्त्याने. मी म्हणालो, ‘आता ते डावं नाही, उजवं.’ ‘आधी डावं म्हणालास,’ दाजी म्हणाले. ‘तेव्हा तुम्ही पलीकडून येत होता.’ त्यांच्या आवाजात एक जुनी शंका परत आली, जी बहुधा लग्न ठरल्यापासूनची असावी.

वळल्यावर मी विचारलं, ‘उजव्या हाताला हिरवळ दिसते का? चित्रात मोठा हिरवा चौकोन होता.’ ‘कुठली हिरवळ! लांबलचक भिंत आहे, तिच्यावर जाहिराती.’ मी निराश झालो. ताईने सीटवर गुडघे टेकून मागच्या काचेतून डोकावलं. भिंतीच्या पलीकडे मैदान होतं, मातीचं, एकही गवताची काडी नसलेलं. नकाशाचा हिरवा रंग म्हणजे जागा कशासाठी आहे ते. तिथे काही उगवलंय की नाही, याची जबाबदारी तो घेत नाही. पुढच्या वेळी कुणाला सांगायचं झालं, तर मी ‘हिरवं’ म्हणणार नाही, ‘उजवीकडे बराच वेळ घरं नसतील’ म्हणेन.

आता शेवटचं बोट. आणि पिनेची अडचण अशी की तिचं टोक बरोबर जागेवर असतं, पण वरचा फुगा उत्तरेकडचं सगळं झाकून बसतो. दाजी येत होते उत्तरेकडूनच. शेवटची शे-दोनशे मीटर, जिथे खुणांची सगळ्यात जास्त गरज, तीच फुग्याखाली गेलेली. मला तिथलं काहीही आठवत नव्हतं, कारण तिथलं काही मी पाहिलंच नव्हतं.

पण पिनेच्या खाली, चित्राच्या तळाशी, एक बारीक करडी रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलेली मला स्वच्छ आठवत होती. रेल्वेचे रूळ.

‘दाजी, रूळ ओलांडू नका. रूळ दिसले की समजा घर मागे राहिलं.’

सबंध संध्याकाळीत मी सांगितलेली ही एकच गोष्ट त्यांनी वाद न घालता मानली. पंप एक नाही तर तीन निघतात, भिंतीमागचं मैदान दिसत नाही, पण आडवे पडलेले रूळ कुणाच्या नजरेतून सुटत नाहीत, आणि ते चुकवून पुढे जाता येत नाही. रेल्वेचं फाटक दिसल्यावर दाजींनी गाडी थांबवली आणि हळूहळू मागे आणत प्रत्येक घरावरची पाटी ताईने मोठ्याने वाचली. तिसऱ्या-चौथ्या पाटीवर आमचं आडनाव निघालं.

चुलतभाऊ दारातच उभा होता. फोन चार्जिंगला लावला होता म्हणाला. ‘सापडलं ना? सोप्पं आहे.’

रात्री निघताना दाजींचा पुन्हा फोन आला. ‘मघाशी सांगितलंस तेच आता उलटं करून सांग.’

मी म्हणालो, ‘उलटं होत नाही. चौकात येताना तिसरा रस्ता धरलात, जाताना पहिलाच धरायचा. पुलावर चढायचंच नाही, त्याच्या खालून उजवीकडे वळायचं. आणि रूळ तर तुमच्या पाठीमागे राहिले, त्यांचा आता उपयोग नाही.’

‘बरं, मग चौक आला हे कसं कळणार?’

‘ट्रिपमीटर शून्यावर आणा. चार किलोमीटर.’

‘आणि दिशा?’

मी खिडकीबाहेर पाहिलं. सूर्य केव्हाच मावळला होता.

‘दाजी,’ मी म्हणालो, ‘ताईला फोन द्या आणि तिच्या मोबाइलवर आपल्या घराचा पत्ता टाकायला सांगा. तो तरी नकाशावर आहे.’