‘शेकडो’ नव्हे, ३७

जुलैतल्या एका संध्याकाळी शेजारचा मुलगा दुधाची गाडी अंगणात लावून थेट ओट्यावर आला. हातात वहीचा फाडलेला कागद. “काकू, पेपरात पत्र द्यायचंय रस्त्याचं. तुम्ही तिथं होता ना, जरा शुद्धलेखन बघा.”

मी तिथं होते म्हणजे एका जिल्हा दैनिकात वाचकांच्या पत्रांचं पान बघत होते, बरीच वर्षं. पावसाळ्यात टेबलावर रस्त्यांच्या पत्रांचा वेगळा गठ्ठा व्हायचा. त्यातली बरीचशी गावाचं नाव बदललं की एकमेकांच्या जागी चालली असती. याचंही त्यातलंच. सगळं देते:

“महोदय, आपल्या लोकप्रिय दैनिकाच्या माध्यमातून मी प्रशासनाचे लक्ष वेधू इच्छितो की, आमच्या गावच्या रस्त्याची अक्षरशः चाळण झाली असून रस्त्यात खड्डे आहेत की खड्ड्यात रस्ता हेच समजेनासे झाले आहे. शेकडो खड्ड्यांमुळे नागरिकांना जीव मुठीत धरून प्रवास करावा लागत आहे. वारंवार निवेदने देऊनही सार्वजनिक बांधकाम खाते कुंभकर्णी झोपेत आहे. अधिकारी व ठेकेदाराच्या साटेलोट्यातून लाखोंचा मलिदा लाटण्यात आला आहे. प्रशासन एखाद्याचा बळी जाण्याची वाट पाहत आहे काय? तरी संबंधितांनी त्वरित लक्ष घालावे, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.”

शुद्धलेखन ठीक होतं. मी विचारलं, “सगळ्यात वाईट खड्डा कुठला?”

मग पोरगा जो सुटला! मोरीच्या अलीकडचा डावीकडचा, तो पाणी भरलं की दिसतच नाही. बाभळीपाशी दोन जोडखड्डे, त्यातून गाडी काढायची तर उजवं चाक साइडपट्टीवर घ्यावं लागतं. मेमध्ये पाटा तुटला तो तिथंच. पहाटे साडेचारला त्या जागी कॅन आपटल्याचा आवाज आला की गाडीतला माणूस झाकणं धरून बसतो. याला हा रस्ता पाठ होता, आणि त्यातलं एक अक्षर पत्रात नव्हतं. पेन हातात घेताच त्याने स्वतःला माहीत असलेलं सगळं बाजूला ठेवलं होतं आणि पत्र म्हणून जे आजवर वाचलं होतं ते उतरवून काढलं होतं.

मी एकेक वाक्य घेऊन बसले.

“वारंवार निवेदने. किती दिली?”

तो हसला. एका सदस्याला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला होता, एकदा. म्हणजे आधी अर्ज द्यायला हवा होता. आणि तिथंच दुसरी गोष्ट निघाली: अर्ज द्यायचा कुणाला? पत्रात सार्वजनिक बांधकाम खातं होतं. आपल्याकडे राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सहसा त्या खात्याकडे, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. आमचा रस्ता ग्रामीण मार्ग. हे पत्र असंच छापलं असतं, तर “सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही” एवढा एका ओळीचा खुलासा पाठवून ते खातं मोकळं झालं असतं. तेही रास्तपणे.

“लाखोंचा मलिदा. पुरावा?” नव्हता. असं वाक्य संपादक छापत नाही, कारण बदनामीचा दावा पेपरवरही येतो. कात्री ते वाक्य कापूनही थांबत नाही. ते वाचल्यावर पत्रातल्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही उडतो.

“शेकडो खड्डे. मोजलेस?” “काकू, खड्डे कोण मोजतं?” म्हटलं, रविवारी जा आणि मोज.

गेला बिचारा. १३ जुलैला धाकट्या भावाला घेऊन, टेप, काठी आणि भावाच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन फाट्यापासून गावापर्यंत साडेतीन किलोमीटर चालला. खोली मोजायची रीत साधी: काठी खड्ड्यावर आडवी टेकवायची आणि तिच्यापासून तळापर्यंत पट्टी सोडायची. आला तो जरा खट्टू होऊन. “सदतीसच निघाले, काकू. हात लावला तर उचकटेल असलं बारीकसारीक धरलं नाही.” त्याला वाटलं केस कमजोर झाली. माझं मत उलटं. ‘शेकडो’ वाचताना माणूस मनातल्या मनात निम्मे वजा करतो. सदतीसमधून काही वजा करता येत नाही, कारण हा माणूस मोजायला गेला होता हे त्या आकड्यातच दिसतं.

पण खरी चीज निघाली ती खड्डे कुठं आहेत ते कागदावर मांडल्यावर. ३७ पैकी २९ ओढ्याच्या मोरीच्या आसपास, तीनशे मीटरच्या पट्ट्यात. बाकी जवळजवळ सव्वातीन किलोमीटरमध्ये मिळून आठ. म्हणजे ‘रस्त्याची चाळण’ झालेलीच नव्हती. रस्ता एका जागी फुटला होता, आणि त्या जागेचं कारण डोळ्यांसमोर होतं. मोरीचा पाइप गाळाने तुंबलेला. साइडपट्टीवर माती साचून गवत वाढलेलं, ती डांबरापेक्षा चार बोटं उंच. पाण्याला बाजूला उतरायला वाटच नाही. आमच्यासारख्या रस्त्यांवर डांबराचं कार्पेट जेमतेम २० मिलिमीटरचं असतं. पाणी त्यातून खाली मुरलं की डांबराची खडीवरची पकड सुटते, वरून चाक गेलं की ते पाणी दाबाने आणखी खडी सुटी करतं, आणि एकदा काठ फुटला की खड्डा रोज वाढतो.

याचा उपयोग फक्त कारण सांगण्यापुरता नाही. अशा तक्रारीवर ठरलेलं उत्तर येतं: उसाच्या ओव्हरलोड वाहतुकीने रस्ता खचला. ते सरसकट खोटंही नसतं, आमच्याकडे हंगामात दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रॅक्टर जातात. पण तेच ट्रॅक्टर उरलेल्या सव्वातीन किलोमीटरवरूनही जातात ना? तो भाग शाबूत आहे. समोरच्याचा मुद्दा आपणच आधी मांडून त्याला असं उत्तर दिलं की वाचकाला कळतं, हा माणूस चिडून नाही, बघून बोलतोय.

राहिला फलक. फाट्यावर कामाचा पत्र्याचा फलक असतो, त्यावर कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, मुदत आणि दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो. शेवटचा शब्द कुणी वाचत नाही. काम पूर्ण झाल्यापासून तेवढ्या काळात ते बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं, असा त्याचा अर्थ. हा काळ कामागणिक वेगळा असतो; प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांना देखभालीची जबाबदारी पाच वर्षं असते. आमच्या फलकावर वेल चढली होती, ती बाजूला केल्यावर दिसलं: पूर्ण झाल्याची तारीख मार्च २०२३, दोषदायित्व तीन वर्षं. (फलक नसेलच तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून कार्यारंभ आदेश आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला यांच्या प्रती मागता येतात. मुदत तीस दिवस. त्यापेक्षा वेल हटवणं सोपं.)

म्हणजे ‘निधी नाही’ हे उत्तरही बाद, कारण निधी मागायचाच नव्हता.

अपघातांचं मात्र मला त्याला दटावावं लागलं. आधी म्हणाला दहा-बारा झाले. “तू स्वतः किती पाहिलेस?” दोन. मग दोनच लिहायचे. त्यातल्या ज्या बाईंचं मनगट मोडलं त्यांना विचारून आला, नाव न घालता लिहायला त्यांनी हो म्हटलं.

१५ तारखेला त्याने तालुक्याला उपअभियंत्यांच्या कार्यालयात अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. तीन आठवडे काही झालं नाही तेव्हा हे पत्र गेलं:

“आमच्या गावच्या साडेतीन किलोमीटर रस्त्याचे डांबरीकरण मार्च २०२३ मध्ये पूर्ण झाले. फाट्यावरील फलकानुसार दोषदायित्व कालावधी तीन वर्षांचा, म्हणजे मार्च २०२६ पर्यंत आहे. त्यामुळे ओढ्याच्या मोरीजवळचे खड्डे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाने ठेकेदाराकडून त्याच्या खर्चाने दुरुस्त करून घ्यावेत. तसा अर्ज मी १५ जुलैला दिला आहे. उत्तर आलेले नाही.

मी रोज दोनदा या रस्त्याने दुधाची गाडी नेतो. १३ जुलैला चालत जाऊन मोजले तेव्हा ३७ खड्डे आढळले. त्यातील २९ मोरीजवळच्या तीनशे मीटरमध्ये आहेत. सर्वांत मोठा सहा फूट लांब, चार फूट रुंद व १३ सेंटिमीटर खोल असून पाणी साचल्यावर दिसत नाही. जूनपासून तेथे दोन दुचाकी पडताना मी पाहिल्या. एका महिलेचे मनगट मोडले.

उसाच्या वाहतुकीने रस्ता खराब झाला असे सांगितले जाते. पण तीच वाहने ज्या उरलेल्या रस्त्यावरून जातात, तो चांगला आहे. मोरी तुंबल्याने आणि साइडपट्टी उंच झाल्याने पाणी येथेच थांबते, हा फरक आहे.

पावसात डांबरीकरण होत नाही, हे मान्य. मात्र मोरी उपसणे, साइडपट्टी छाटणे व खड्डे खडी-मुरुमाने भरणे आता होऊ शकते. डांबरी काम दिवाळीनंतर, मार्चपूर्वी व्हावे.”

मागणी पहिल्या परिच्छेदातच का? जागा कमी पडली की उपसंपादक पत्र खालून कापतो. मीही तेच करायचे. “तरी संबंधितांनी” हे पालुपद सगळ्यांच्या शेवटी असायचं, आणि अनेकदा तेच जायचं.

पत्र छापून आलं. शेवटचा परिच्छेद कापलेला होता! अकरा दिवसांनी दोन माणसं आणि एक ट्रॉली मुरूम आली. मोरी उपसली, खड्डे भरले, साइडपट्टीला हात लावला नाही. गणपतीनंतरच्या पावसात मुरूम वाहून गेला. डांबर अजून आलेलं नाही.

आता दिवाळी होऊन गेली, मार्चला फार दिवस नाहीत. परवा तो दुसऱ्या पत्राचा कच्चा खर्डा घेऊन आला. पहिल्या पत्राची तारीख, काय झालं, काय राहिलं, साइडपट्टीवर टेप धरलेला फोटो, दोषदायित्वाचे उरलेले दिवस, सगळं चोख. फक्त शेवटच्या ओळीत कुंभकर्ण परत आला होता.

“काकू, एवढा एक राहू द्या ना.”

मी म्हटलं, शेवटच्याच ओळीत ठेव, उपसंपादक बघून घेईल.