शक्तिमानच्या शक्ती, किलविषचे नाव आणि एक फिरता संदेश

«केबल आली म्हणून आपल्याला शक्तिमान मिळाला. तो म्हणजे आपला सुपरमॅनच: वरून गंगाधर, आतून परग्रहावरचा, गोल गोल फिरला की शक्ती यायची. किलविष हे नाव इंग्रजी ‘किल’ आणि ‘विष’ जोडून केलेलं. बाकी सोनपरी, फ्रुटी, संजू, हातिम यांच्या शक्ती सारख्याच, नावं तेवढी वेगळी!»

लहानपणीच्या मालिकांबद्दल फिरणाऱ्या या संदेशातले पहिले विधान वाहिनीचे आहे आणि ते चुकले आहे. ‘शक्तिमान’ ही मालिका सप्टेंबर 1997 मध्ये सुरू झाली ती दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिनीवर, आणि 2005 पर्यंत ती तिथेच चालली. गच्चीवरच्या साध्या ॲन्टेनावर ती दिसत असे, तिला केबलची गरज नव्हती. तरीही अनेकांना ती ‘केबलवर’ पाहिल्याचे पक्के आठवते, आणि ही आठवण खोटी म्हणता येत नाही. 1995 च्या केबल कायद्याने प्रत्येक केबलचालकावर दूरदर्शनच्या किमान दोन वाहिन्या दाखवण्याचे बंधन घातले होते, त्यामुळे ज्या घरात केबलची तार आली होती तिथे दूरदर्शनही त्याच तारेतून येत असे. प्रेक्षकाच्या लक्षात राहिली ती तार. कार्यक्रम कोणाचा, हे विसरले गेले. 1998 ची ‘कॅप्टन व्योम’ आणि 2002 ची ‘आर्यमान’ यांचीही हीच गत आहे, त्याही दूरदर्शनच्याच. केबलच्या वाहिनीची म्हणता येईल अशी मालिका म्हणजे 2000 साली स्टार प्लसवर आलेली ‘सोनपरी’. ‘शाका लाका बूम बूम’ मात्र दोन्हीकडची आहे: आधी दूरदर्शनवर, मग स्टार प्लसवर. संजू म्हणून बहुतेकांना किंशुक वैद्य आठवतो, पण दूरदर्शनवरच्या भागांत ती भूमिका दुसऱ्या मुलाची होती. ‘आमचा संजू तो नव्हताच’ असा वाद ज्या दोन माणसांत होतो, ती दोघे बहुधा वेगवेगळ्या वाहिन्यांवरचे भाग पाहत वाढलेली असतात.

सुपरमॅनशी असलेले साम्य नाकारण्यात अर्थ नाही. चष्मा लावणारा, बावळट वाटणारा, वर्तमानपत्रात काम करणारा नायक आणि त्याच कचेरीतली धीट पत्रकार स्त्री हा साचा परदेशी कॉमिक्सचाच आहे. पण संदेशात साम्य दाखवले आहे ते शक्तीचे, आणि नेमके तिथेच ते टिकत नाही. सुपरमॅनच्या शक्ती त्याच्या जन्मातून येतात. तो दुसऱ्या ग्रहावरचा आहे म्हणून पृथ्वीवर बलवान ठरतो. शक्तिमान हा माणूस आहे. मालिकेच्या कथेप्रमाणे सूर्यांशी पंथाच्या गुरूंच्या मार्गदर्शनाखाली त्याने ध्यान आणि योग साधला, कुंडलिनीची सात चक्रे जागृत केली आणि पंचमहाभूतांचे बळ मिळवले. त्याच्या छातीवरचे चक्रही हेच सुचवते. म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश ही त्याच्या शक्तीची मुळे, आणि तिथवर पोहोचण्याची वाट साधनेची. ही कल्पना परग्रहाकडून आलेली नाही, ती योगाच्या परिभाषेतली आहे.

गोल फिरण्याचे काय? ती गिरकी लक्षात राहिली, कारण ती डोळ्यांना दिसते आणि घरी करूनही पाहता येते. चक्रे जागृत होणे दाखवायला लांब प्रसंग लागतो. गिरकी दर भागात दिसत असे. मालिकेत ती शक्तीचा वापर आहे, उगम नव्हे. उगम आणि वापर यांत गल्लत झाली की नायकाच्या शक्तीची यादी बिघडते, आणि अशा फिरत्या याद्यांत ही गल्लत सर्रास दिसते. तपासताना एकच प्रश्न पुरतो: गिरकी घेतली नाही तर त्याची शक्ती जाते का? जात नाही. चालता-बोलता, उभ्या जागीही तो शक्तिमानच असतो.

गंगाधरचे नावही संदेशात अर्धेच आले आहे. पूर्ण नाव पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री, आणि ‘आज की आवाज’ या वर्तमानपत्रात तो छायाचित्रकार. त्या लांबलचक नावातच विनोद होता. नाव तोडले की तोही जातो.

आता शक्तिमानचा शत्रू किलविष. ‘किल’ म्हणजे ठार मारणे आणि ‘विष’ म्हणजे विष, ही फोड कानाला इतकी चपखल वाटते की तिची शहानिशा करावी असे कोणाला वाटत नाही. मालिकेत इंग्रजी वळणाचे नाव अजिबात नाही असेही नाही, ‘डॉक्टर जैकाल’ आहेच. म्हणून ‘इंग्रजी शब्द आलाच नसता’ एवढ्यावर हा दावा खोडता येत नाही. पण पूर्ण नाव पाहावे: तमराज किलविष. तम म्हणजे अंधार, तमराज म्हणजे अंधाराचा राजा, आणि त्याची घोषणाही अंधारच कायम राहो अशी आहे. पहिला भाग असा उघड संस्कृत असताना दुसऱ्यासाठीही आधी तिकडेच पाहायला हवे, आणि तिथे शब्द तयार आहे: ‘किल्बिष’, म्हणजे पाप. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या तेराव्या श्लोकात ‘मुच्यन्ते सर्वकिल्बिषैः’ असे येते. यज्ञातले उरलेले खाणारे सज्जन सर्व पापांतून सुटतात, असा त्याचा अर्थ. हिंदीत ब आणि व यांची अदलाबदल नेहमीची आहे, आणि ‘ल्बि’ हे जोडाक्षर बोलताना सुटे होऊन ‘लवि’ होणेही अवघड नाही. मराठी वाचकाला तर हा शब्द परका नसावा. ‘मनात किल्मिष धरू नये’ असे आपण आजही म्हणतो, ते किल्मिष याच कुळातले. अंधार आणि पाप ही जोडी अर्थानेही जुळते, ‘ठार मार-विष’ तशी जुळत नाही. नाव ठेवणाऱ्याच्या मनात शिरता येत नसले, तरी ‘किल्बिष’ ही व्युत्पत्ती इंग्रजीच्या फोडीपेक्षा पुष्कळ बळकट आहे.

‘सगळ्यांच्या शक्ती सारख्याच’ हे शेवटचे विधान दोनतीन उदाहरणांतच कोसळते. शक्तिमानची शक्ती त्याच्या अंगात आहे. संजूची शक्ती पेन्सिलीत आहे: कागदावर चित्र काढले की ती वस्तू खरी होते, आणि पेन्सिल दुसऱ्याच्या हाती गेली की संजू साधा मुलगा उरतो. म्हणून त्या मालिकेत पेन्सिल चोरण्याचे कट एवढे महत्त्वाचे; शक्तिमानच्या मालिकेत तसली चोरी संभवतच नाही. फ्रुटीकडे स्वतःची जादू नाहीच. तिच्याकडे चेंडू आहे, तो घासला की मृणाल कुलकर्णींनी साकारलेली सोनपरी येते, आणि जादू करायची ती परीने. त्यामुळे ‘फ्रुटीच्या शक्ती’ असे शीर्षक दिलेली यादी मुळातच फसलेली असते.

हातिम आणखी निराळा. 2003 च्या अखेरीस स्टार प्लसवर आलेल्या त्या मालिकेचा कणा सात प्रश्न आहेत, आणि नायकाचे नाव अरबी परंपरेतल्या दानशूर हातिम ताईचे आहे. त्याच्यासमोर उभा राहणारा दुष्ट जादूगार दज्जाल. हे नाव इस्लामी परंपरेत जगाच्या अंताआधी येणाऱ्या महाठकाचे आहे, आणि मराठीत ते फार आधीपासून घरात शिरलेले आहे. फक्त आपण ते जादूगाराला न लावता सासूला लावतो.