नमस्कार काका गेले

मंगळवारी रात्री साडेनऊला माझ्या आतेभावाचा, बाळूचा मेसेज आला : 'दादा घेतली'.

पुढे काही नाही, मागे काही नाही. बाळू पंचवटीत राहतो, गळ्यात तुळशीची माळ आहे आणि लग्नात सरबताचा पेलासुद्धा आधी वास घेऊन मगच तोंडाला लावतो. पण रात्री साडेनऊला 'घेतली' एवढंच क्रियापद एकटं चालत आलं, तर त्याचं कर्म काय असणार हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी दोन मिनिटं सुन्न बसलो. मग 'झोप आता, सकाळी बोलू' असं लिहून पाठवलं आणि ही गोष्ट फक्त बायकोला सांगितली. म्हणजे तिच्या बहिणीला ती दहा वाजता कळली.

आमच्या घरात आता कुणी टाइप करत नाही. मला चष्म्याशिवाय कीबोर्ड दिसत नाही आणि चष्मा लावला तर 'क्ष' सापडत नाही. मग भाचीनं माइकचं चित्र दाखवलं आणि म्हणाली, मामा, इथे दाबा आणि बोला. तिनं हे सांगितलं नाही की आपण दम खायला थांबलो की तो माइक, बोलणं संपलं असं समजून आपला आपण बंद होतो. त्याचं तरी काय चुकलं म्हणा. त्याला शांतता म्हणजे शेवट वाटते. आमच्याकडे शांतता म्हणजे सुरुवात. 'नमस्कार काका' म्हटल्यावर दोन-चार सेकंद थांबायचं असतं, काकांनी मनातल्या मनात 'बोल' म्हणायची जागा सोडायची असते. तेवढ्यात फोन मिटतो. आपण मात्र बोलतच राहतो. समोर काच, काचेत आपलाच चेहरा, आणि चेहरा अगदी मन लावून ऐकतोय.

बरं, नुसतं नमस्कार गेला असता तरी चाललं असतं. पण शेवटी एक क्रियापद जातंच. हे कसं होतं ते मला बरेच दिवस कळत नव्हतं. एकदा मुद्दाम स्वतःकडे लक्ष ठेवलं तेव्हा चोर सापडला. वाक्य संपत आलं की आपण माइक बंद करायला बोट लावतो. तो तर मघाशीच बंद झालेला असतो. त्यामुळे आपण बंद करायला दाबतो आणि तो चालू होतो. चालू होता होता वाक्याचं जे टोक तोंडात उरलेलं असतं तेवढं तो झेलतो. आणि मराठी वाक्याच्या टोकाला काय असतं? क्रियापद. कोण, काय, कुठे, कधी, किती हे सगळं मध्ये. इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या मागोमाग येतं, त्यामुळे तिकडे शेपटाला फार तर एखादं 'काल' किंवा 'स्टेशनवर' हाती लागत असेल. आपल्याकडे मात्र सगळा मजकूर नाहीसा होतो आणि क्रिया तेवढी घडून जाते.

म्हणून आमच्या घरात व्याकरणाला फार भाव आला आहे. 'अहो आणा' असा मेसेज आला तर काही इलाज नाही, आज्ञार्थाला लिंग नसतं. पण भूतकाळ आला की धागा मिळतो. 'संपली' म्हणजे साखर, डाळ, कोथिंबीर. 'संपलं' म्हणजे दूध, तेल, मीठ. गेल्या महिन्यात कॉलेज रोडवर असताना हिचा मेसेज आला, 'अहो संपला'. मी रस्त्याच्या कडेला स्कूटर लावून घरातल्या सगळ्या पुल्लिंगी वस्तू आठवल्या. चहा, गूळ, रवा, गॅस. गॅस डिकीत मावत नाही म्हणून सोडला, बाकी तिन्ही घेतले. एक किलो गूळ काखेत धरून घरी पोचलो, तेव्हा कळलं की मुलाचा पेपर संपला होता आणि तो पाऊण तास शाळेच्या फाटकाशी उभा होता. पेपर पुल्लिंगी आहे हे मला मान्य आहे. व्याकरणात मी चुकलो नव्हतो.

आता बुधवारकडे येतो.

द्राक्षांच्या दिवसांत पिंपळगावहून माझे काका एक पेटी पाठवतात. अर्धी आमची, अर्धी बाळूची. शहराकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती ती देतात आणि तो माणूस निमाणी स्टँडजवळच्या एका चहाच्या टपरीवर ठेवतो. तिथून मी आणायची. वर्षानुवर्षांची रीत आहे. तर बुधवारी सकाळी मी इंदिरानगरहून निमाणीला गेलो आणि टपरीवाला म्हणाला, "पेटी? कालच कुणीतरी घेऊन गेले की."

पोटात खड्डा पडला. काकांना सांगणं भाग होतं. काकांना फोन केला तर ते बागेत असतात, उचलत नाहीत. मेसेज वाचतात, पण फक्त कुटुंबाच्या ग्रुपवरचे, कारण आम्हा सगळ्यांचे निरनिराळे मेसेज त्यांना सापडत नाहीत. म्हणून ग्रुप उघडला, माइक दाबला आणि म्हणालो, "नमस्कार काका." मग थांबलो. एक तर त्यांनी 'बोल' म्हणायचं होतं, दुसरं म्हणजे पेटी हरवल्याचं कसं सांगावं ते सुचत नव्हतं, आणि तिसरं म्हणजे शेजारी सिटी बसनं हॉर्न दिला. मग सगळं नीट सांगितलं. तुम्ही पाठवलेली पेटी घ्यायला मी निमाणीला आलो आहे, टपरीवाला म्हणतो ती काल संध्याकाळीच कुणीतरी घेऊन... इथे बंद करायला बोट लावलं... गेले. चष्मा खिशात होता. न वाचता पाठवलं, फोन डिकीत टाकला आणि निघालो.

ग्रुपवर पडलं होतं : 'नमस्कार काका गेले'.

यात शब्द तीनच आहेत आणि तिन्ही मीच उच्चारलेले आहेत. नाकारणार कशाला? पण 'काका' या शब्दाची एक गोची आहे. मुलांना हाक मारली की 'मुलांनो' होतं, त्यामुळे ती हाक आहे हे आंधळ्यालाही कळतं. काकांना हाक मारली तरी काका काकाच राहतात. हाक आणि कर्ता यांच्यामध्ये उभा असतो तो फक्त एक स्वल्पविराम, आणि माझा फोन स्वल्पविराम देत नाही. त्यात 'गेले' हे आदरार्थी. एखादा परका माणूस पेटी घेऊन जाईल त्यालाही टपरीवाला 'गेले' म्हणतो, ही नाशिकची सभ्यता मला भोवली.

द्वारकेला नेहमीप्रमाणे अडकलो. डिकीत फोन थरथरत होता, मला वाटलं गूळ संपला असेल. घरी येऊन पाहतो तर एकेचाळीस मेसेज. ग्रुपवर एकूण चार काका आहेत आणि कोणते गेले ते मी लिहिलं नव्हतं. त्यामुळे आधी हजेरी झाली. नाशिक रोडच्या काकूंनी लिहिलं, आमचे इथे पोहे खात आहेत. मालेगावच्या काकांनी स्वतःचा फोटो टाकला, हातात आजचा पेपर धरून. पुण्याचे काका आंघोळीला गेले होते, तेवढ्या वेळात त्यांच्यासाठी तीन हात जोडलेली चित्रं येऊन पडली होती. एका चुलतभावानं फक्त विचारलं होतं, 'कोणतं अमरधाम, नाशिक की पंचवटी?' तो फार कामाचा माणूस आहे. आणि पिंपळगावच्या काकांचा काही पत्ता नव्हता, त्यामुळे हळूहळू सगळ्यांचं त्यांच्यावर एकमत होत आलं होतं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी खुद्द त्यांचाच मेसेज आला : 'अरे आहे'.

नंतर त्यांनी सांगितलं की ते 'अरे गाढवा, मी जिवंत आहे' असं म्हणाले होते. मधला भाग त्यांच्याही फोननं खाल्ला, यात माझी थोडी सोय झाली. पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्यात इतकं आटोपशीर वाक्य मी पाहिलेलं नाही.

माझ्या आजीला तार आली की ती फोडायच्या आधी रडायला सुरुवात करायची. तारेला शब्दांप्रमाणे पैसे पडायचे, म्हणून माणूस पहिल्यांदा नमस्कार कापायचा, मग विशेषणं. नाव आणि बातमी मात्र राखायचा. जुलै २०१३ मध्ये आपल्याकडची तार बंद झाली. आता शब्द फुकट आहेत आणि उरतं नेमकं उलटं : नमस्कार शाबूत, बातमी अर्धी, नाव गायब. रडायची सोय तेवढी कायम आहे.

दुपारी मी खुलासा करायला बसलो. या वेळी स्वल्पविराम तोंडानं म्हणायचं ठरवलं. पडलं ते असं : 'नमस्कार काका स्वल्पविराम गेले'. पुण्याहून लगेच विचारणा झाली, हे हॉस्पिटल नवीन निघालंय का.

मग दुसरा उपाय केला. क्रियापद शेवटी असतं हीच जर अडचण, तर ते आधी म्हणावं. माइक दाबून म्हणालो, "चोरीला गेली पेटी द्राक्षांची निमाणीवरून काल." एका दमात बोललो, त्यामुळे सगळं उमटलं. स्वयंपाकघरातून हिनं विचारलं, "काय हो, आरती म्हणताय?"

खरं तर जे चालतं ते अगदी साधं आहे, पण ते जिवावर येतं. माइक दाबायच्या आधी सबंध वाक्य मनात म्हणून घ्यायचं. नमस्कार गाळायचा. आणि बोलताना समोर नाही, पडद्यावर बघायचं : अक्षरं उमटायची थांबली की आपणही थांबायचं, आणि बोट लावायच्या आधी चित्र पेटलेलं आहे की विझलेलं ते पाहायचं. हे सगळं मी काकांना समजावलं. ते म्हणाले, "नमस्कार गाळून बोलायचं असेल तर फोनच कशाला करायचा?"

चारच्या सुमारास बेल वाजली. दारात बाळू उभा. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, चेहरा पडलेला. ग्रुपवरचा माझा पहिला मेसेज वाचून तो तसाच पिंपळगावला निघाला होता, फोन खिशात. तिथे काका ओट्यावर बसून चहा पिताना दिसले तेव्हा त्यानं त्यांना साष्टांग नमस्कार घातला आणि तसाच उलटा आमच्याकडे आला. काखेत एक पेटी होती.

हिनं दार उघडलं आणि मंगळवारची रात्र आठवून आधी जरा पुढे झुकून वास घेतला. द्राक्षांचाच आला.

"अरे, ही तुझ्याकडे?" मी म्हणालो.

"म्हणजे काय? निमाणीवरून काल मीच घेतली, रात्री कळवलं की तुम्हाला," बाळू म्हणाला. "तुम्हीच म्हणालात, झोप आता."