एफओव्ही फुल्ल केल्याने चक्कर जात नाही

«फर्स्ट पर्सन गेममध्ये चक्कर येते? एफओव्ही फुल्ल करा, जितका जास्त तितका त्रास कमी. हेड बॉब बंद करू नका, खरं चालताना डोकं असंच हलतं, म्हणून मेंदूला ते नैसर्गिक वाटतं. मोशन ब्लर ऑन ठेवा, डोळ्यांना आराम मिळतो. तरीही मळमळलं तर थांबू नका, खेळत राहा, दोन दिवसांत सवय होते.»

चवथीच्या सुट्टीत हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर फिरला आणि फोंड्याच्या भाच्याने लॅपटॉपवरच्या माइनक्राफ्टमध्ये तो तंतोतंत पाळला. पहिल्याच संध्याकाळी पोरगा ओकला. त्यामुळे आता यातला एकेक मुद्दा घेणं भाग आहे. एफओव्ही म्हणजे गेमचा कॅमेरा एका वेळी किती अंशांचं दृश्य दाखवतो तो कोन, हेड बॉब म्हणजे पात्र चालताना कॅमेऱ्याचं डोलणं आणि मोशन ब्लर म्हणजे हालचालीत चित्र पुसट करणं.

आधी हेड बॉब, कारण सगळ्यात बिनबुडाचं विधान तेच आहे. चालताना डोकं हलतं हे कबूल. पण जग हलताना दिसतं का? म्हापशाच्या बाजारातून चालता चालता समोरच्या दुकानाची पाटी वाचा, अक्षरं जागची हलत नाहीत. कानाच्या आत तोल सांभाळणारा जो भाग आहे, तो डोकं हललं की त्याच क्षणी डोळ्यांच्या स्नायूंना कळवतो आणि डोळे तेवढेच उलट दिशेला वळतात. म्हणून चित्र स्थिर राहतं.

घरात बसून पडताळून बघा. मोबाइलवर एखादी बातमी उघडा, हात स्थिर ठेवा आणि ‘नाही’ म्हणताना हलवतो तसं डोकं सेकंदाला दोनदा हलवा. वाचता येतं. आता डोकं स्थिर ठेवून मोबाइल त्याच वेगाने हलवा. अक्षरं फिसकटतात. गेममधला हेड बॉब हा दुसरा प्रकार आहे. तुम्ही खुर्चीत स्वस्थ, हलतं ते चित्र. कानाकडून काहीच निरोप नाही, त्यामुळे डोळ्यांना चित्राच्या मागे धावावं लागतं आणि इतक्या वेगाच्या हालचालीमागे ते नीट धावू शकत नाहीत. चोर्ला घाटात मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेल्याला गाडी लागते, तेव्हा कान म्हणतो हलतोय आणि डोळा म्हणतो स्थिर आहे. इथे तेच भांडण उलट्या बाजूने चालतं. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत `Video Settings` मध्ये `View Bobbing` असतं. ते बंद करा. काही गेममध्ये कॅमेरा स्थिर राहतो आणि फक्त हातातली बंदूक डोलते, तिचा त्रास बराच कमी. हेड बॉब बंदच करता येत नसेल, तर नजर मधल्या नेमाच्या खुणेवर ठेवायची, कारण ती जागची हलत नाही.

एफओव्हीच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. टीव्हीसाठी बनवलेले बरेच गेम आडवा एफओव्ही 60-65 अंशांच्या आसपास ठेवतात. तोच गेम टेबलावरच्या मॉनिटरवर हातभर अंतरावरून खेळला, तर नळीतून बघितल्यासारखं होतं आणि माउस जरा हलला की अख्खं दृश्य झपकन सरकतं. तिथे आकडा 85-95 पर्यंत नेला की पुष्कळांना बरं वाटतं. पण म्हणून ‘जितका जास्त तितका बरा’ हे कुठून आलं?

भाच्याचंच उदाहरण घ्या. माइनक्राफ्टचा स्लायडर उभा कोन मोजतो, आडवा नाही. 16:9 च्या स्क्रीनवर त्याचा नेहमीचा 70 म्हणजे आडवे सुमारे 102 अंश, म्हणजे तो मुळातच रुंद आहे. स्लायडर टोकाला नेला की 110 येतं आणि तिथे `Quake Pro` असं लिहिलेलं दिसतं. ते आडवे सुमारे 137 अंश होतात. आता 15.6 इंची लॅपटॉप साठ सेंटिमीटरवरून बघा. डोळ्यापुढे ती स्क्रीन जेमतेम 32 अंश व्यापते. एवढ्या खिडकीत 137 अंशांचं जग कोंबायचं म्हणजे मधलं सगळं बारीक होतं आणि कडेचं ताणलं जातं. सपाट पडद्यावर चित्र उतरवण्याच्या गणितात 102 अंशांना कडेचा आडवा ताण मधल्याच्या अडीचपट असतो, 137 अंशांना सव्वासातपटीहून जास्त. वळताना मधली झाडं रेंगाळतात आणि कडेची भिंत सुसाट पळते. आपण स्वतः फिरतोय की काय, हे मेंदू बऱ्याच अंशी कडेच्या हालचालीवरून ठरवतो. तीच हालचाल सगळ्यात खोटी झाली, तर पोटात कालवणारच.

याला आधार हवा असेल तर 2001 साली ‘ह्यूमन फॅक्टर्स’ या नियतकालिकात आलेला ड्रेपर आणि सहकाऱ्यांचा प्रयोग बघा. डोक्यावर लावायच्या पडद्यात त्यांनी चित्र खऱ्या मापाचं ठेवलं, दुप्पट मोठं केलं आणि निम्मं लहान केलं. खऱ्या मापाला त्रास सगळ्यात कमी झाला, दोन्ही बाजूंना वाढला. तो प्रयोग हेडसेटचा आहे, त्यामुळे त्याचे आकडे लॅपटॉपला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण आकडा एकाच दिशेला ढकलत राहिलं की त्रास कमीच होत जातो, ही समजूत त्याने उघडी पडते.

म्हणून माइनक्राफ्टमध्ये 70 वर परत या आणि गरज पडली तर पाच-पाचने, 60 ते 80 च्या आत सरकवा. `Accessibility Settings` मध्ये `FOV Effects` आहे, ते पूर्ण खाली आणा. धावायला लागल्यावर दृश्य अचानक रुंदावतं ते त्याच्यामुळे, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

नेमकं काय बाधतंय ते असं ओळखा. एका जागी उभं राहून सावकाश गोल फिरा: तेवढ्यानेच मळमळलं तर एफओव्ही किंवा ब्लर. फिरताना ठीक पण सरळ चालताना त्रास, तर हेड बॉब. धावायला सुरुवात करताना झटका बसत असेल तर `FOV Effects`. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय लागू पडलं ते कळणार नाही.

मोशन ब्लरचं थोडक्यात. तुम्ही स्क्रीनवर कुठे बघताय हे गेमला माहीत नसतं. वळताना नजर एखाद्या दारावर खिळली असेल, तरी गेम ते दारही पुसट करतो आणि डोळा उगाच ते स्पष्ट करायला झटतो. 1920 पिक्सेलच्या स्क्रीनवर, 90 अंश आडव्या एफओव्हीत, अर्ध्या सेकंदात काटकोनात वळलात आणि फ्रेम रेट 30 असला, तर निम्म्या फ्रेमभराच्या ब्लरमध्ये मधली वस्तूसुद्धा सुमारे 50 पिक्सेल फरफटते. याला आराम म्हणत नाहीत. 30 च्या फ्रेम रेटला हलका ब्लर धक्के लपवतो आणि काहींना तो बरा वाटतो, एवढं खरं. पर्याय वेगळे दिले असतील तर कॅमेऱ्याचा ब्लर बंद करा, फक्त हलणाऱ्या वस्तूंचा राहिला तरी चालेल.

शेवटचा सल्ला सरळ अपायकारक आहे. सवय होते, पण ती त्रास सुरू होण्याआधी थांबलेल्या छोट्या बैठकांनी. मळमळ रेटत राहिलं की पुष्कळदा उलटंच होतं, पुढच्या वेळी गेम उघडताच पोट ढवळायला लागतं. लागोपाठ जांभया, तोंडाला सुटलेलं पाणी, कपाळावरचा गार घाम, यातलं एक जरी जाणवलं तरी गेम बंद करायचा आणि लांबवर बघायचं. दहा-पंधरा मिनिटांपासून सुरुवात करा, आणि पूर्ण बरं वाटल्याशिवाय पुन्हा बसू नका. मोठ्यांनो, तोवर स्कूटरची चावीही हातात घेऊ नका. हा त्रास स्क्रीन बंद केल्यावरही काही काळ रेंगाळतो. सिम्युलेटरमध्ये मळमळलेल्या वैमानिकांना काही तास विमान चालवू देत नाहीत ते याचसाठी.