तेरा हजारांची चोरी

रेल्वेतून 31 मे 2024 रोजी मी निवृत्त झालो आणि महिनाभरातच माझे तेरा हजार चारशे एक्क्याऐंशी रुपये कोणीतरी हडप केल्याचा शोध मला लागला. वय साठ पूर्ण, मूळ पेन्शन 30,200 रुपये आणि त्यातले चाळीस टक्के, म्हणजे 12,080 रुपये, मी एकरकमी पैशांच्या बदल्यात विकले होते. आमच्यात कम्युटेशनला पेन्शन विकणे असेच म्हणतात.

हिशेब सोपा असतो: विकलेली रक्कम गुणिले बारा, गुणिले तक्त्यातला वयाचा गुणक. तक्त्यात साठ वयासमोर 8.287 होते, म्हणून माझ्या मते 12,01,284 रुपये यायला हवे होते. खात्यात आले 11,87,803. ज्या कागदावर मी हा गुणाकार केला, त्याच्या कोपऱ्यावर शेंगा चटणीच्या तेलाचा डाग पडला होता. तोच पुरावा छातीशी धरून, सोलापूरच्या जूनमधल्या उकाड्यात मी पेन्शनच्या कार्यालयात पोहोचलो.

तिथल्या तरुण लिपिकाने कागदावरचा डाग आधी पाहिला आणि आकडे नंतर. ‘काका, रकान्याचे नाव वाचलेत का?’ असे त्याने अत्यंत नम्रपणे विचारले. रकान्यात वय नव्हते, पुढील वाढदिवसाला होणारे वय होते. माझा वाढदिवस बारा मेचा. निवृत्तीनंतरचा पुढचा वाढदिवस एकसष्टावा आणि एकसष्टचा गुणक 8.194. त्याने गुणाकार केला, 11,87,802 रुपये 24 पैसे आले आणि वरच्या पैशांचा पुढचा पूर्ण रुपया झाला. चोर सापडला, तो दरवर्षी बारा मेला माझ्याच घरी येत होता.

अब्रू वाचवण्यासाठी मी दुसरी तक्रार काढली. घटलेली पेन्शन 18,120 आणि महागाई भत्ता पन्नास टक्के, म्हणजे 27,180 व्हायला हवेत. मग खात्यात 33,220 कसे? (हा प्रश्न मी उजेडात आणला, याचे श्रेय माझ्या प्रामाणिकपणाला नसून गोंधळाला आहे.) लिपिकाने सांगितले की महागाई घटलेल्या पेन्शनवर नव्हे, मूळ 30,200 वर मिळते, म्हणून 15,100 आणि 18,120 यांची बेरीज बरोबर आहे.

घरी आल्यावर हिने सारे शांतपणे ऐकले आणि विचारले, ‘अहो, ते विकलेले बारा हजार ऐंशी परत कधी सुरू होणार?’

पंधरा वर्षांनी, म्हणजे जून 2039 मध्ये, असे मी म्हणालो. खरे तर उचललेली रक्कम व्याज न धरता साधारण अठ्ठ्याण्णव महिन्यांत फिटते, हे मी सांगणार होतो. पण हिने तेलकट कागदावरच मोठ्या अक्षरांत ‘जून 2039’ लिहिले आणि तो पीपीओच्या, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाच्या, फाइलमध्ये, सगळ्यात वर, टाचणीने लावला.